केटी लागली होती हे कंपनीला कसं लिहायचं? कॅम्पस प्लेसमेंटसाठी एक छोटा मेल



आपण इथे एरवी धंद्याबद्दल बोलतो, मग आज नोकरीच्या मेलचा विषय का, असं काहींना वाटेल. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. दोन-तीन वर्षं एखाद्या कंपनीत काम करायचं, लाइन समजून घ्यायची, थोडं भांडवल जमवायचं आणि मग स्वतःचं सुरू करायचं, असा तुमचा विचार आहे. तो चांगला आहे. पण कॉलेजात असतानाच ऑर्डरी घ्यायला लागलेल्या मुलांच्या मार्कशीटवर एखादं सेमिस्टर पडलेलं असतं. मग कंपनीच्या एचआरचा मेल येतो, "आपल्या बॅकलॉगचा तपशील कळवा." आणि मुलगा रात्रभर दोन पानांचं निवेदन लिहीत बसतो.

व्हिडिओत मेलचा पूर्ण मजकूर दाखवायला वेळ पुरला नाही. तो इथे ओळीओळीने बघू.

आधी समजून घ्या: समोरच्याला काय हवंय?

कॅम्पसला येणारा एचआर तुमच्या आयुष्याचा हिशोब मागत नसतो. बॅकलॉगबद्दल त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात.

पहिली, तुम्ही फॉर्ममध्ये जे भरलंय ते कागदावर तसंच निघेल का? ऑफर दिल्यावर बऱ्याच कंपन्या मार्कशीट तपासून घेतात. तिथे फरक निघाला तर मार्क कमी असण्यापेक्षा तो फरक महागात पडतो. ऑफर लेटरमध्ये खोट्या माहितीबद्दलचं कलम असतं आणि त्यावरून ऑफर रद्द होऊ शकते.

दुसरी, जॉइनिंगच्या तारखेला तुमची डिग्री पूर्ण झालेली असेल का? म्हणजे आज एखादा विषय बाकी आहे का? ह्याला ॲक्टिव्ह बॅकलॉग म्हणतात. जो विषय आधी राहिला होता आणि आता सुटलाय, तो क्लिअर झालेला बॅकलॉग. कंपनीच्या दृष्टीने ह्या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी, जे झालं ते परत होईल का?

बस, एवढंच. तुमच्या मेलमधलं प्रत्येक वाक्य ह्या तीनपैकी एका प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे. जे वाक्य तिन्हींपैकी कशाचंच उत्तर नाही, ते काढून टाका. मेलमध्ये रडगाणं येतं ते ह्याच जादा वाक्यांतून. कोणी न विचारलेल्या आरोपाला आपण उत्तर द्यायला लागतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, नक्कीच काहीतरी लपवतोय.

एक उदाहरण घेऊ

समजा, मेकॅनिकलचा अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी आहे. दुसऱ्या वर्षाला असताना, २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्याने मित्राबरोबर गणेश मंडळांच्या टी-शर्ट छपाईच्या ऑर्डरी घेतल्या. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला बसले, म्हणजे सेमिस्टरचा ऐन मधला काळ ऑर्डरी, कापड आणि वसुलीत गेला. डिसेंबरच्या परीक्षेत एम-थ्री आणि थर्मो असे दोन विषय राहिले.

मे २०२४ मध्ये थर्मो सुटला, पण एम-थ्री परत राहिला. तो डिसेंबर २०२४ मध्ये सुटला. आता एकही विषय बाकी नाही. सहा सेमिस्टरचे एसजीपीए असे आहेत: ६.८, ६.६, ५.२, ६.१, ७.२ आणि ७.५. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट सारखे धरले तर सीजीपीए ६.५७ येतो.

कंपनीची अट आहे, सीजीपीए किमान ६ आणि ॲक्टिव्ह बॅकलॉग नको. म्हणजे हा मुलगा अटीत बसतो. शॉर्टलिस्ट झाल्यावर एचआर मॅडमचा मेल आला, "तिसऱ्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर दोन विषय नापास दिसतात. कृपया तपशील कळवा."

आता त्याचा पहिला मसुदा बघा. असा मजकूर तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेल, कदाचित लिहिलाही असेल.

> आदरणीय मॅडम, सर्वप्रथम मला ही संधी दिल्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे. दुर्दैवाने काही वैयक्तिक कारणांमुळे तिसऱ्या सेमिस्टरमध्ये माझे मार्क थोडे कमी आले. त्या वर्षी पेपर खूप कठीण होता आणि आमच्या वर्गातले बरेच विद्यार्थी नापास झाले होते. तसेच मार्क म्हणजे सर्व काही नसते, माझे प्रॅक्टिकल ज्ञान उत्तम आहे. तरी कृपया माझा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. मी आपल्याला निराश करणार नाही.

हा मुलगा खोटं बोललेला नाही. तरीही मेल पडला. का ते बघू.

"मार्क थोडे कमी आले" असं लिहिलंय, पण मॅडमसमोर मार्कशीट उघडी आहे आणि त्यावर नापास लिहिलेलं आहे. शब्द मऊ केला की वाचणाऱ्याला पहिला संशय तिथेच येतो. किती विषय, कधी सुटले, आज काही बाकी आहे का, ह्यातलं काहीच मेलमध्ये नाही. म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच नाही.

"काही वैयक्तिक कारणांमुळे" ह्या शब्दांनी दार अर्धं उघडलं जातं. सांगायचं तर कारण सांगा, नाहीतर कारणाचा विषयच काढू नका. इंग्रजीत आपण सर्रास "ड्यू टू सम पर्सनल रीझन्स" लिहितो. एचआरने ते इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्याला आता काही अर्थच उरलेला नाही.

"पेपर कठीण होता, बरेच जण नापास झाले." ह्यावर वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, मग जे पास झाले त्यांचं काय? आणि "मार्क म्हणजे सर्व काही नसते" हे वाक्य तर समोरच्याच्या पद्धतीवरच टीका करतं. त्याने मार्क मागितले, आपण त्याला शिकवायला निघालो.

एक साधी चाचणी सांगतो. मसुदा झाला की प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधा. "पेपर", "युनिव्हर्सिटी", "परिस्थिती", "दुर्दैव" असे कर्ते जास्त आणि "मी" कमी असेल, तर मेल बचावाचा झालाय. "मी नापास झालो", "मी वेळ ठेवला नाही", "मी विषय सोडवला" अशी वाक्यं लिहिताना जड जातात, पण वाचताना सरळ वाटतात.

लिहायला बसण्याआधी कागद काढा

सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट समोर ठेवा आणि एका कागदावर चार रकाने आखा: विषय, कोणत्या परीक्षेत राहिला, मध्ये किती वेळा बसलो, कोणत्या परीक्षेत सुटला. आठवणीवर जाऊ नका, तारीख कागदावरूनच घ्या.

इथे मोजणीत गडबड होते. आपल्या उदाहरणात विषय दोन आहेत, पण नापासचे शेरे तीन आहेत, कारण एम-थ्री दोनदा राहिला. फॉर्ममध्ये "एकूण बॅकलॉग" विचारलं असेल तर बहुतेक ठिकाणी विषय मोजतात, म्हणजे दोन. काही कंपन्या प्रयत्नही विचारतात. म्हणून मेलमध्ये नुसता आकडा टाकू नका. कोणता विषय कधी राहिला आणि कधी सुटला हे लिहा, म्हणजे कोणीही कसंही मोजलं तरी तुमचं म्हणणं खरंच ठरतं.

दुसरी गडबड फॉर्ममध्ये होते. "बॅकलॉगचा इतिहास आहे का?" ह्या प्रश्नाला मुलं "नाही" लिहितात, कारण विषय तर सुटलाय. हे चूक आहे. इतिहास विचारलाय, म्हणजे सुटलेलेही आले. "ॲक्टिव्ह बॅकलॉग किती?" ह्याचं उत्तर शून्य आणि इतिहासाचं उत्तर दोन. फॉर्ममध्ये आधीच चुकीचं भरलं असेल तर ह्याच मेलमध्ये एका वाक्यात दुरुस्त करा: "फॉर्ममध्ये मी बॅकलॉगचा इतिहास 'नाही' असा भरला होता, तो 'दोन विषय' असा हवा." एचआरने ते स्वतः शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलं, तर ती दुरुस्ती ठरते. त्यांनी शोधलं, तर ती लपवाछपवी ठरते.

तिसरी गोष्ट टक्क्यांची. सीजीपीएवरून टक्के काढताना तुमच्या युनिव्हर्सिटीचं जे अधिकृत सूत्र आहे तेच वापरा. आणि ५९.६ ला ६० लिहू नका. कंपनीची अट ६० ची असेल तर ५९.६ अटीत बसत नाही, आणि पुढे कागद तपासताना ते पकडलं जातं.

आता खरा मेल

कंपनीला मेल इंग्रजीत जाणार असेल तरी पहिला मसुदा मराठीत लिहा. मराठीत खोटा सूर लगेच ऐकू येतो, पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यांत तो लपतो. मग ह्याच क्रमाने छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी करा.

> विषय: तिसऱ्या सेमिस्टरच्या बॅकलॉगचा तपशील – मेकॅनिकल, अंतिम वर्ष – (नाव, अर्ज क्रमांक)
>
> नमस्कार मॅडम,
>
> आपण मागितलेला तपशील देत आहे. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेत मी इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-३ आणि थर्मोडायनॅमिक्स ह्या दोन विषयांत नापास झालो. थर्मोडायनॅमिक्स मे २०२४ मध्ये सुटला. मॅथेमॅटिक्स मे २०२४ मध्ये पुन्हा राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुटला. आज माझा एकही विषय बाकी नाही. सहाव्या सेमिस्टरअखेर सीजीपीए ६.५७ आहे.
>
> त्या सेमिस्टरला मी मित्रासोबत टी-शर्ट छपाईच्या ऑर्डर घेतल्या होत्या आणि अभ्यासाला पुरेसा वेळ ठेवला नाही. मे मधल्या प्रयत्नात मॅथेमॅटिक्सची तयारी कमी पडली. त्यानंतर सेमिस्टर चालू असताना मी ऑर्डर घेतलेल्या नाहीत. पाचव्या सेमिस्टरचा एसजीपीए ७.२ आणि सहाव्याचा ७.५ आहे.
>
> नापास झालेल्या प्रयत्नांसह सर्व मार्कशीट एका पीडीएफमध्ये क्रमाने जोडल्या आहेत. आणखी काही कागद लागल्यास कळवावे.
>
> आपला,
> (नाव, मोबाइल)

मोबाइलवर एका नजरेत वाचून होतो. आता तो असा का लिहिलाय ते बघा.

पहिल्या परिच्छेदात फक्त घटना आहेत. "नापास झालो" हा शब्द दुसऱ्याच वाक्यात येतो, कारण मॅडमनी तेच विचारलंय. "आज एकही विषय बाकी नाही" हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि ते घटनांच्या लगेच नंतर येतं. कारण वाचण्याआधीच त्यांचे पहिले दोन प्रश्न सुटलेले असतात.

कारणाला एकच वाक्य दिलंय आणि त्या वाक्यात चूक स्वतःकडे घेतलीय. "मी धंदा करत होतो म्हणून मार्क गेले" असं लिहिलं असतं तर ती अर्धी बढाई झाली असती. आपल्या मुलांचा हा नेहमीचा मोह असतो. धंद्याचा अनुभव ही चांगली गोष्ट आहे, पण तिची जागा सीव्हीमध्ये आहे. ह्या मेलमध्ये ती पदकासारखी लावली की सबब दिसते.

एम-थ्री दुसऱ्यांदा राहिला त्याला वेगळं वाक्य दिलंय, ते मुद्दाम. मे २०२४ मध्ये गणपतीच्या ऑर्डरी नव्हत्या. एकच कारण सगळ्या अपयशांवर पांघरूण म्हणून घातलं की तारखा जुळत नाहीत, आणि अनुभवी एचआर तारखाच बघतो. "तयारी कमी पडली" हे साधं आहे, खरं आहे आणि त्यावर पुढे विचारण्यासारखं फारसं राहत नाही.

शेवटी बदल. "मी आता खूप मेहनती झालोय" असं न लिहिता ७.२ आणि ७.५ लिहिलंय. तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे परत होईल का ह्याचं, उत्तर विशेषणाने देता येत नाही, मार्कशीटवरच्या आकड्यानेच देता येतं. आणि विनंती, सहानुभूती, वचन ह्यातलं काहीच नाही. कागद जोडलेत, निर्णय त्यांचा.

तुमचं कारण वेगळं असेल तर

आजारपण असेल किंवा घरात कोणी गेलं असेल, तर तेही एकाच वाक्यात लिहा: "त्या काळात वडील हॉस्पिटलमध्ये होते आणि मी तीन आठवडे कॉलेजला जाऊ शकलो नाही." आजाराचं नाव, खर्च, हाल लिहायची गरज नाही. मेडिकलचे कागद न मागता जोडू नका. असतील तर "कागद उपलब्ध आहेत" एवढं पुरे.

काहीच खास कारण नसेल, तर बनवू नका. "पहिल्या वर्षी मी अभ्यास नियमित केला नाही" हे वाक्य चालतं. बनवलेल्या कारणावर इंटरव्ह्यूत दोन उपप्रश्न आले की ते सुटतं.

नंतरचे मार्कही वाढलेले नसतील, तर वाढ झाल्याचं दाखवायचा प्रयत्न करू नका. तिथे फक्त घटना, एक वाक्य कारण आणि आजची स्थिती एवढाच मेल पाठवा. तो चार ओळींचा झाला तरी चालेल.

विषय अजून बाकी असेल तर

हा सगळ्यात अवघड प्रकार आहे, आणि इथेच लपवायचा मोह सगळ्यात जास्त होतो. ॲक्टिव्ह बॅकलॉग असेल तर तो पहिल्याच वाक्यात आला पाहिजे, सोबत तारखेसह: कोणता विषय, परीक्षा दिली का, द्यायची असेल तर कधी, निकाल साधारण कधी अपेक्षित आहे. "लवकरच सुटेल" हे उत्तर नाही. "परीक्षा दिली आहे, निकाल लागायचा आहे, लागताच दोन दिवसांत मार्कशीट पाठवतो" हे उत्तर आहे. आणि मग ते दोन दिवस पाळा. निकाल वाईट लागला तरी कळवा.

रिव्हॅल्युएशनला टाकलं असेल तर तसं लिहा, पण त्या विषयाला सुटलेला म्हणू नका. निकाल बदलेपर्यंत तो बाकीच आहे.

ह्या मेलने काय होत नाही

कंपनीची अट "ॲक्टिव्ह बॅकलॉग नको" अशी असेल आणि तुमचा एक बाकी असेल, तर कितीही चांगला मेल ती अट ओलांडत नाही. बऱ्याचदा यादी आकड्यांवरूनच गाळली जाते, मेल वाचायची वेळच येत नाही. अशा वेळी कॉलेजच्या टीपीओ सरांना आधी विचारा, की कंपनी सूट देते का आणि अटीत सुटलेले बॅकलॉग धरलेत का. त्यांना ओलांडून परस्पर एचआरला मेल टाकू नका. बऱ्याच कॉलेजांत प्लेसमेंट सेलच्या नियमात हे बसत नाही आणि पुढच्या कंपन्यांना बसण्यावरही परिणाम होऊ शकतो. एचआरने तुम्हाला थेट विचारलं असेल तर उत्तर थेट द्या आणि टीपीओंना प्रत ठेवा.

आणि कोणी विचारलंच नसेल तर? फॉर्ममध्ये खरं भरलंय, मार्कशीट जोडल्यात, अटीत बसताय, तर वेगळा मेल पाठवायची गरज नाही. न विचारता पाठवलेला खुलासा हा सुद्धा बचावच वाटतो. इंटरव्ह्यूत प्रश्न आला की हीच चार वाक्यं ह्याच क्रमाने तोंडी सांगा.

तिथे एक उपप्रश्न हमखास येईल: "ऑर्डरी घ्यायचात म्हणजे नोकरी सोडून धंदा करणार का?" मेलमध्ये आपणहून हा विषय काढू नका, पण विचारला तर खोटं सांगू नका. "पुढे कधीतरी करायचा विचार आहे. आत्ता मला तुमच्या शॉप फ्लोअरवर काम शिकायचंय, आणि नोकरीत असताना दुसरं काम घेणार नाही," असं म्हणा. पण शेवटचं वाक्य पाळणार असाल तरच म्हणा, कारण नोकरीच्या करारात बहुतेक ठिकाणी तशी अट असते आणि त्याखाली तुमचीच सही असणार आहे.

मेल पाठवण्याआधी एकच काम करा. मसुदा आणि मार्कशीट घरातल्या किंवा वर्गातल्या कोणाच्या तरी हातात द्या आणि सांगा, प्रत्येक तारीख आणि आकडा टिचकी मारून जुळव. सगळ्यावर टिचकी पडली की पाठवून द्या.